न छापलेला दशांश बिंदू: एका पतसंस्थेच्या वसुली फाइलचा प्रकरण अभ्यास

एका मोठ्या कारखान्यातल्या कामगारांची पगारदार पतसंस्था. सभासदांचे कर्जाचे हप्ते, व्याज आणि मासिक वर्गणी दर महिन्याला पगारातून कापून घेतली जाते. त्यासाठी पतसंस्था महिन्याच्या वीस तारखेच्या आसपास एक वसुली फाइल कारखान्याच्या पे-रोल विभागाला देते. पगाराचा हिशोब मुख्य कार्यालयातल्या मेनफ्रेमवर कोबोलमध्ये चालतो आणि फाइलचा नमुना गेली अनेक वर्षं बदललेला नाही. पतसंस्थेने मात्र आपलं सॉफ्टवेअर बदललं. नव्या सॉफ्टवेअरमधून सीएसव्ही निघायची आणि तिची जुन्या नमुन्यातली फाइल करायला पुरवठादाराने एक छोटा प्रोग्राम लिहून दिला होता. पहिल्याच खऱ्या महिन्यात बेरीज बिघडली, तेव्हा तो प्रोग्राम तपासायचं काम माझ्याकडे आलं.

नमुना असा होता. प्रत्येक ओळ बरोबर ८० अक्षरांची, पंचकार्डाच्या ८० स्तंभांइतकी. मध्ये स्वल्पविराम नाही, टॅब नाही. कोणता मजकूर कशाचा, हे फक्त जागेवरून ठरतं. पे-रोल विभागाने दिलेली व्याख्या जशीच्या तशी देतो.

```cobol
01  VASULI-REC.
    05  REC-TYPE     PIC X.
    05  TOKEN-NO     PIC 9(8).
    05  MEMBER-NAME  PIC X(25).
    05  DED-CODE     PIC X(3).
    05  DED-AMT      PIC S9(7)V99.
    05  INT-AMT      PIC S9(7)V99.
    05  DED-MONTH    PIC 9(6).
    05  FILLER       PIC X(19).
```

यातली रकमेची ओळ नीट वाचायला हवी. `9(7)` म्हणजे रुपयांचे सात अंक, पुढचे `99` म्हणजे पैशांचे दोन. मधला `V` दशांश बिंदूची जागा सांगतो, पण फाइलमध्ये तो स्वतः एकही अक्षर व्यापत नाही. म्हणून रकमेला दहा नव्हे, नऊच जागा मिळतात, ३८ ते ४६. सुरुवातीचा `S` रक्कम ऋणही असू शकते असं सांगतो आणि त्यालाही वेगळी जागा नाही. त्याची गोष्ट पुढे येईल. तर ११५० रुपये ३५ पैसे या जागेत `000115035` असे बसतात आणि पूर्ण ओळ अशी दिसते.

```
D00041872SABHASAD A               047000115035000021240201806
```

शेवटी १९ रिकाम्या जागा आहेत, त्या इथे दिसत नाहीत. सगळ्या सभासदांच्या ओळी झाल्या की शेवटी एक `T` ओळ येते. तिच्यात ओळींची संख्या सात अंकांत आणि एकूण रक्कम `9(9)V99` अशी अकरा अंकांत.

या मांडणीचा मला सर्वात महत्त्वाचा वाटणारा गुण असा, की रकमेच्या रकान्यात चुकीचा आकडा आला तरी तो आकडा म्हणून पूर्णपणे वैध असतो. `000115035`, `000011505` आणि `000001150` या तिन्हींत नऊच अंक आहेत आणि तिन्ही खऱ्या कपातीच्या रकमा असू शकतात. बिंदू छापलेला असता तर तो चुकीच्या जागी पडल्याचं नजरेला दिसलं असतं. इथे तो फक्त वाचणाऱ्या प्रोग्रामच्या व्याख्येत आहे, त्यामुळे रकान्याकडे कितीही निरखून पाहिलं तरी चूक कळत नाही.

पुरवठादाराच्या प्रोग्राममध्ये रक्कम तयार करणारी ओळ एवढीच होती.

```python
amt = text.replace(".", "").zfill(9)
```

म्हणजे सीएसव्हीतल्या मजकुरातून बिंदू काढायचा आणि डावीकडे शून्यं भरायची. `1150.35` साठी हे बरोबर चालतं. पे-रोल विभागाकडे आधी बारा ओळींची चाचणी फाइल गेली होती आणि ती निर्धोक पार पडली, कारण ती सॉफ्टवेअरमधून थेट निघालेल्या सीएसव्हीवरून केली होती आणि सॉफ्टवेअर प्रत्येक रक्कम दोन दशांश स्थळांपर्यंत लिहीत होतं. खऱ्या महिन्यात पतसंस्थेच्या लेखनिकाने ती सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडली, दोन सभासदांची नावं दुरुस्त केली आणि जतन केली. एक्सेलने रकमा संख्या म्हणून वाचल्या आणि साध्या स्वरूपात परत लिहिल्या. `1150.50` चं `1150.5` झालं, `2400.00` चं `2400`. संख्या म्हणून दोन्ही बरोबर आहेत, पण बिंदू नुसता पुसणाऱ्या प्रोग्रामसाठी नाहीत. शेवटचं शून्य गेलं की रक्कम दहापटीने घटते, दोन्ही शून्यं गेली की शंभरपटीने.

चार सभासदांपुरतं मांडून दाखवतो. मागणी रजिस्टरात कपाती आहेत ११५०.३५, ११५०.५०, २४००.०० आणि ८७५.०५. बेरीज ५५७५.९०. एक्सेलमधून फिरून आलेल्या सीएसव्हीवरून फाइलमध्ये पडलं ते हे.

```
1150.35  ->  000115035
1150.5   ->  000011505
2400     ->  000002400
875.05   ->  000087505
T0000004 00000216445
```

`T` ओळीतली मोकळी जागा मी वाचायला सोपं जावं म्हणून सोडली आहे, खऱ्या फाइलमध्ये ती नसते. दुसऱ्या सभासदाकडून ११५ रुपये ५ पैसे कापले जाणार आणि तिसऱ्याकडून २४ रुपये. फाइलची बेरीज २१६४.४५ येते.

या बेरजेवरच सगळा घोळ झाला. `T` ओळीतली रक्कम प्रोग्रामने फाइलमध्ये लिहिलेल्या नऊ अंकी रकमांचीच बेरीज करून काढली होती. पे-रोलचा प्रोग्राम ओळींमधल्या रकमा मिळवतो आणि `T` ओळीशी ताडून पाहतो. इथे दोन्ही बाजूंना तेच बिघडलेले आकडे होते, त्यामुळे ताळा बिनचूक जुळला आणि फाइल स्वीकारली गेली. लेखनिक मला सांगत होते, “सर, त्यांच्याकडून बेरीज जुळल्याची पोच आलीय.” त्यांचं काही चुकलं नव्हतं. पोच खरी होती, पण ताळा ज्या आकड्याशी घ्यायला हवा होता तो आकडा त्या फाइलमध्ये आलाच नव्हता.

चूक पकडली ती पतसंस्थेच्या हिशोबनीस बाईंनी. पोचेवरची एकूण रक्कम त्यांनी मागणी रजिस्टराच्या छापील बेरजेशी लावून पाहिली आणि फरकाला नऊने भाग जातो का ते बघितलं. जुने हिशोबनीस हे हाताच्या सवयीने करतात. दोन अंकांची अदलाबदल झाली किंवा अंक एक घर सरकले, की फरक नऊच्या पटीत येतो. वरच्या चार ओळींचा फरक ३४११.४५, म्हणजे ३,४१,१४५ पैसे. अंकांची बेरीज १८, म्हणजे नऊने भाग जातो. एक घर सरकलेल्या रकमेत मूळ आकड्याचा नऊ दशांश भाग हरवतो आणि दोन घरं सरकलेल्या रकमेत नव्याण्णव शतांश, म्हणून असं होतं. नऊने भाग जाणं हा पुरावा नाही. नऊपैकी एक फरक सहज योगायोगानेही तसा निघतो. पण कुठे शोधायचं ते त्यावरून कळतं. बाईंनी फोनवर मला “घरं सरकलीत” एवढंच सांगितलं आणि मी थेट दशांशाच्या ओळीकडे गेलो.

मग रजिस्टर आणि फाइल टोकन नंबरवार समोरासमोर ठेवून मी प्रत्येक ओळीत फाइलच्या रकमेला रजिस्टरच्या रकमेने भागलं. उत्तरं तीनच प्रकारची आली, एक, एक दशांश आणि एक शतांश. अशा फाइलवर शंका आली की हा भागाकार आधी करावा, असं माझं मत आहे. वजाबाकी प्रत्येक ओळीत वेगळी येते, त्यामुळे तिच्यातून काही आकार दिसत नाही. भागाकारात चुकीचं कारण उघडं पडतं. पगार निघायला अजून दोन दिवस होते, तेवढ्यात फाइल मागे घेता आली.

पुरवठादाराने त्याच संध्याकाळी दुरुस्ती पाठवली.

```python
amt = str(int(float(text) * 100)).zfill(9)
```

आता `1150.5` आणि `2400` बरोबर येत होते. पण माझ्या चार ओळींची बेरीज ५५७५.८९ आली, एक पैसा कमी. कारण पहिलाच आकडा. संगणकाच्या द्विमान अपूर्णांकात ११५०.३५ नेमका मांडता येत नाही. मांडलेला आकडा खऱ्यापेक्षा अगदी किंचित लहान असतो. त्याला शंभरने गुणल्यावर `115034.99999999999` मिळतं, आणि `int` पुढचा भाग छाटून टाकतो. फाइलमध्ये `000115034` जातं.

हे अधूनमधून कुठेतरी घडतं असा समज असतो. प्रत्यक्षात ते ठरलेल्या जागी घडतं. १०२४ रुपयांपासून साधारण १३१० रुपयांपर्यंतच्या पट्ट्यात ज्या रकमांचे पैसे ०९ ते १२, ३४ ते ३७, ५९ ते ६२ किंवा ८४ ते ८७ आहेत त्या प्रत्येक वेळी एक पैशाने घसरतात, बाकीच्या नीट राहतात. रुपये कितीही असोत, त्या पट्ट्यात पैशांचा हाच साचा चालतो, कारण तिथे मांडणीची बारीकी सगळीकडे सारखीच असते. दुसऱ्या पट्ट्यात साचा बदलतो. माझ्या चौघांपैकी ८७५.०५ सुखरूप राहिली ती याच कारणाने. तेव्हा चाचणीसाठी हव्या त्या चार रकमा घेऊन काही सिद्ध होत नाही. ११५०.१० आणि ११५०.३५ या दोन मुद्दाम चाचणीत ठेवाव्यात.

पुरवठादाराचं म्हणणं होतं की सगळ्या महिन्याच्या फाइलमध्ये मिळून काही पैशांचाच फरक पडतो, तो सोडून द्यावा. मला ते पटलं नाही, आणि कारण पैशांची किंमत हे नाही. शेवटच्या हप्त्यात एक पैसा कमी कापला गेला की कर्जखात्यावर एक पैसा बाकी राहतो. खातं बंद होत नाही, सभासदाचं नाव थकबाकीच्या यादीत राहतं आणि त्याला बेबाकी दाखला मिळत नाही. निवृत्त होणाऱ्या कामगाराला त्या एका पैशासाठी पुन्हा ऑफिसात यावं लागतं.

`int` च्या जागी `round` वापरलं असतं तर दोन दशांश स्थळांच्या या आकाराच्या सगळ्या रकमा बरोबर आल्या असत्या, हेही खरं आहे. तरी मी तो मार्ग घेतला नाही. व्याजाची रक्कम सॉफ्टवेअरमधून चुकून `212.405` अशी तीन स्थळांची आली, तर `round` ती निमूटपणे गोल करून पुढे ढकलतं. पैशाचा अपूर्णांक वर घ्यायचा की खाली, हा निर्णय संस्थेच्या नियमाने व्याज आकारतानाच व्हायला हवा. फाइल लिहिणाऱ्या प्रोग्रामचं ते काम नाही, त्याने अशी रक्कम दिसताच थांबावं. म्हणून मजकूर थेट दशमान प्रकारात वाचला, मध्ये `float` कुठेच येऊ दिला नाही.

```python
from decimal import Decimal

NEG = "}JKLMNOPQR"

def amount_field(text, width=9):
    paise = Decimal(text) * 100
    if paise != paise.to_integral_value():
        raise ValueError("fraction of paisa: " + text)
    n = int(paise)
    s = str(abs(n)).zfill(width)
    if len(s) > width:
        raise ValueError("too wide: " + text)
    if n < 0:
        s = s[:-1] + NEG[int(s[-1])]
    return s
```

रुंदीची तपासणी वरवर पाहता अनावश्यक वाटेल, कारण ९९,९९,९९९.९९ च्या वर एका सभासदाची मासिक कपात जात नाही. पण `zfill` कमी अंकांना शून्यं भरतं, जास्त अंकांना छाटत नाही. दहा अंक आले तर दहाच लिहितं, आणि मग त्या ओळीतलं पुढचं सगळं एक घर सरकतं. आणखी एक गोष्ट मराठी सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. पायथनचं `Decimal` देवनागरी अंकही स्वीकारतं, म्हणजे `१२.५०` असा मजकूर आला तरी उत्तर बरोबर निघतं आणि फाइलमध्ये साधे अंकच जातात. पण `isdigit` ने नुसती तपासणी करून मजकूर तसाच पुढे पाठवला, तर देवनागरी अंकही “अंक आहे” म्हणून पास होतात आणि प्रत्येक अंक तीन बाइट घेऊन फाइलमध्ये बसतो.

बाइट आणि अक्षर यांतला फरक या फाइलमध्ये प्रत्यक्षातही नडला. दुरुस्त प्रोग्रामची पहिली फाइल पे-रोल विभागाने परत पाठवली. एका सभासदाची कपात सत्तर लाख एकशे पंधरा रुपये तीन पैसे दाखवत होती आणि पगारापेक्षा कपात जास्त म्हणून ती अडली. माझ्याकडच्या फाइलमध्ये तीच ओळ पडद्यावर अगदी नीट दिसत होती. त्या सभासदाचं नाव लेखनिकांनी एका ईमेलमधून उचलून चिकटवलं होतं, आणि नाव-आडनावामधली मोकळी जागा साधी नव्हती, न तुटणारी मोकळी जागा होती. यूटीएफ-८ मध्ये ती एकऐवजी दोन बाइट घेते. प्रोग्राम नाव २५ अक्षरांपर्यंत भरत होता, त्यामुळे २५ अक्षरं पूर्ण झाली पण बाइट २६ झाले, आणि पुढचं सगळं उजवीकडे एक घर सरकलं. ३८ व्या जागेवर कपात कोडचा शेवटचा ७ आला, त्यामागे `00011503`. मेनफ्रेमने वाचलं `700011503`, म्हणजे ७०,००,११५.०३.

कोड ०४७ होता म्हणून हे लक्षात आलं. कोड ०४० असता तर रकान्यात `000011503` आलं असतं आणि ११५ रुपये ३ पैसे ही रक्कम कुणालाही खटकली नसती. ओळ एक बाइटने लांब झाली हेही दिसलं नाही, कारण शेवटी १९ रिकाम्या जागा होत्या. वाचणाऱ्याने ८० बाइट घेतले आणि शेवटची एक रिकामी जागा सोडून दिली. कपातीच्या महिन्याचा रकाना मात्र `020180` झाला होता. तो कोणी तपासत असतं तर पहिली खूण तिथेच मिळाली असती. यावरचा उपाय दोन ओळींचा आहे. लिहिण्यापूर्वी ओळ `encode("ascii")` मधून काढायची, म्हणजे परकं अक्षर असेल तर प्रोग्राम तिथेच अडतो. आणि मिळालेल्या बाइटांची लांबी ८० आहे का, हे प्रत्येक ओळीला पाहायचं. अक्षरांची लांबी मोजून चालत नाही.

आता ऋण रकमा. मागच्या महिन्यात जादा कपात झाली असेल तर पुढच्या महिन्यात ती परत द्यायची असते आणि फाइलमध्ये ती ऋण रक्कम म्हणून जाते. `S9(7)V99` मध्ये चिन्हाला वेगळी जागा नसते. ते शेवटच्या अंकावरच चढवलेलं असतं. पंचकार्डावर शेवटच्या अंकाच्या स्तंभात वर आणखी एक भोक पाडून ऋण दाखवत, त्याचाच हा वारसा. ऋण रकमेत शेवटचा ० असेल तर तिथे `}` येतं, १ ते ९ साठी `J` ते `R`. म्हणजे उणे ११५०.३५ हे `00011503N` आणि उणे १५०.५० हे `00001505}`. धन रकमेसाठीही अशीच खूण असते, ० ला `{` आणि पुढे `A` ते `I`. पण या पे-रोलच्या जुन्या स्वीकारलेल्या फाइलींमध्ये धन रकमांचा शेवटचा अंक साधाच होता, म्हणून आम्हीही तो साधा ठेवला. ही गोष्ट व्याख्येच्या कागदावरून ठरत नाही. आधी चाललेली एक खरी फाइल मागून घ्यावी आणि तिच्यात ऋण रकमेची एक तरी ओळ शोधावी. कोबोल मेनफ्रेमवरून साध्या सर्व्हरवर नेलेलं असेल तर काही कंपायलरमध्ये ऋण अंक `p` ते `y` असे येतात, तेव्हा तर नमुना पाहिल्याशिवाय पुढे जाऊच नये.

जुन्या प्रोग्रामने हीच परताव्याची रक्कम `-00015050` अशी लिहिली होती, कारण ऋण संख्येला `zfill` लावलं की उणे चिन्ह पुढे ठेवून मध्ये शून्यं भरली जातात. मला वाटलं होतं मेनफ्रेम ती ओळ नाकारेल. पे-रोलमध्ये कित्येक वर्षं कोबोल सांभाळणाऱ्या बाईंनी समजावलं तेव्हा प्रकार वेगळाच निघाला. मेनफ्रेम एबसिडिक संकेत वापरतं आणि त्यात उणे चिन्ह षोडशमान पद्धतीत `60` असं लिहिलं जातं. गणितासाठी आकडा आवळून घेताना प्रत्येक बाइटचा फक्त उजवा अर्धा भाग अंक म्हणून घेतला जातो. डावा अर्धा भाग शेवटच्या बाइटपुरताच पाहिला जातो, चिन्हासाठी. `60` चा उजवा भाग ०. म्हणजे उणे चिन्ह शून्य म्हणून वाचलं गेलं, शेवटचा बाइट साधा अंक होता म्हणून रक्कम धन ठरली, आणि ज्याला १५०.५० परत मिळायचे त्याच्याकडून १५०.५० कापायची नोंद झाली. मोकळी जागा `40` असते, तिचंही तसंच. रकमेच्या आधी शून्यांऐवजी मोकळ्या जागा भरल्या तर त्या बिनबोभाट शून्य ठरतात. दशांश बिंदू मात्र `4B`. `B` हा अंक नाही, त्यामुळे तो कुणी छापलाच तर प्रोग्राम `S0C7` ही चूक दाखवून बंद पडतो. आकडा डावीकडे लावून शेवटी मोकळी जागा राहिली तरी तेच होतं, कारण शेवटच्या बाइटमध्ये चिन्हाच्या जागी ४ येतो आणि ते चिन्ह नाही.

हे सगळं वाचण्यापूर्वी रकाना अंकांचाच आहे का, ही तपासणी प्रोग्राममध्ये नसेल तरचं आहे. कोबोलमध्ये त्यासाठी `IF DED-AMT IS NUMERIC` अशी ओळ असते. या पे-रोलच्या मूळ प्रोग्राममध्ये ती नव्हती आणि मुख्य कार्यालयाकडून इतक्यात बदल होणारही नव्हता. तेव्हा काळजी लिहिणाऱ्या बाजूलाच घ्यायची होती.

उणे चिन्हाची चूक ओळखायचीही हिशोबाची जुनी खूण आहे. फरक नेमका रकमेच्या दुप्पट येतो. १५०.५० द्यायचे ते घेतले, म्हणून फरक ३०१. फरकाचं निम्मं करून ती रक्कम यादीत शोधायची. इथे परताव्याची ओळ एकच होती, लगेच सापडली.

हे सगळं झाल्यावर मी प्रोग्राममध्ये एक बदल केला, आणि बाकीच्या दुरुस्त्यांपेक्षा तो मला जास्त मोलाचा वाटतो. `T` ओळीतली एकूण रक्कम आता फाइलमधल्या ओळींवरून निघत नाही. मागणी रजिस्टर छापून त्यावर व्यवस्थापकांची सही झाली की त्या कागदावरची बेरीज आणि सभासदसंख्या हिशोबनीस बाई हाताने टंकतात. प्रोग्राम सीएसव्हीवरून सगळ्या ओळी तयार करतो, तयार झालेले ८० बाइट पुन्हा जागेवरून कापून वाचतो, ३८ ते ४६ मधली रक्कम चिन्हासह परत पैशांत आणतो आणि त्यांची बेरीज करतो. ती टंकलेल्या बेरजेशी पैशापर्यंत जुळली तरच फाइल लिहिली जाते. नाहीतर फक्त फरक दाखवून प्रोग्राम थांबतो. फरक शून्य नसताना फाइल काढायची सोय मी ठेवलेली नाही. व्यवस्थापकांनी तशी मागितली होती, “कधी घाई असली तर”, पण पगाराची घाई असतानाच त्या सोयीचा उपयोग होईल, हे त्यांनाही पटलं.

अशी राखण या जुन्या नमुन्यांमध्ये इतर ठिकाणीही आहे. अमेरिकेतल्या बँकांमधल्या एसीएच व्यवहारांची फाइल आजही ९४ अक्षरी ओळींची असते. तिच्यात व्यवहाराची रक्कम ३० ते ३९ या दहा जागांत शून्यं भरून सेंटमध्ये लिहितात, बिंदूशिवाय. गटाच्या शेवटच्या ओळीत नावे आणि जमा अशा दोन वेगळ्या बेरजा बारा-बारा अंकांत असतात, आणि त्यांच्या जोडीला बँकांच्या ओळखक्रमांकांचीही बेरीज असते. त्या क्रमांकांच्या बेरजेला पैशात काही अर्थ नाही. पण एखादी ओळ गळली किंवा क्रमांक बदलला की ती बदलते. आम्ही तेच टोकन नंबरांसाठी केलं. पे-रोलच्या नमुन्यात त्यासाठी रकाना नव्हता, म्हणून ती बेरीज फाइलमध्ये न घालता सोबतच्या छापील पत्रावर लिहायला सुरुवात केली.

एकूण बेरजेची एक मर्यादा यातून सुटत नाही. दोन सभासदांच्या रकमा एकमेकांच्या नावावर गेल्या तर बेरीज तीच राहते आणि टोकन नंबरांची बेरीजही. सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडून एकच स्तंभ क्रमाने लावला की नेमकं हेच होतं. म्हणून लेखनिकांना नावं आता थेट सॉफ्टवेअरमध्येच दुरुस्त करायला सांगितलं आहे आणि सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडायची नाही असं ठरलं आहे. शिवाय पगार झाल्यावर पे-रोल विभागाकडून प्रत्यक्ष कपातीची फाइल परत येते, तिचाही नमुना असाच ८० अक्षरी. ती आधी फक्त बेरजेपुरती पाहिली जायची. आता टोकन नंबरवार मागणी रजिस्टराशी लावली जाते, आणि ज्या ओळींत फरक आहे तेवढ्याच छापल्या जातात. त्यात बहुतेक नावं बिनपगारी रजेवरच्या कामगारांची असतात, ज्यांच्या पगारातून पूर्ण हप्ता कापला जाऊ शकला नाही. त्यांच्या उरलेल्या रकमा पुढच्या महिन्याच्या मागणीत वाढवायचं काम हिशोबनीस बाई त्याच यादीवरून करतात.